पहिली वेलांटी की दुसरी? तीच चूक परत परत होत असेल तर या क्रमाने तपासा

मी डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल, फ्लेक्स, कधीकधी कोनशिलेचा मजकूर. गेली बरीच वर्षं एकच बिघाड दुरुस्त करतोय, तो म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. मजकूर देणारा माणूस बदलतो, विषय बदलतो, पण चुका त्याच त्या, आणि गंमत म्हणजे जागाही त्याच त्या. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

आधी लक्षणं बघा. तुमच्या मजकुरात यातलं काय दिसतंय?

शब्दाच्या शेवटी पहिली वेलांटी किंवा पहिला उकार आहे: कवि, शक्ति, गुरु, तरि, हि.

दोन शब्द जोडलेत आणि मधे दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार आहे: दृष्टीकोन, भूमीपूजन, स्मृतीदिन, मंत्रीमंडळ, गुरूपौर्णिमा.

साधा शब्द ऱ्हस्व आणि प्रत्यय लागल्यावर दीर्घ, म्हणजे बरोबर उलटं झालंय: गरिब पण गरीबाला, फुल पण फूलाला, बहिण पण बहीणीला.

संस्कृतातून आलेले शब्द सरसकट ऱ्हस्व झालेत: पुर्ण, सुचना, परिक्षा, नविन, दिपावली, आशिर्वाद.

किंवा उलट, मधली वेलांटी सगळीकडे दुसरी: आयोजीत, नागरीक, सामाजीक, मीटींग.

ही पाच लक्षणं वेगवेगळी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्या. लोक काय करतात, एक नियम कुठंतरी ऐकलेला असतो, ‘मराठीत शेवटचं दीर्घ’, आणि तो घेऊन सगळीकडे फिरवतात, मग कवी बरोबर होतो पण कवीसंमेलन चुकतं. म्हणून खालचा क्रम सोपं-फुकटपासून अवघडपर्यंत लावलाय. वरून खाली जा, मधूनच सुरू करू नका.

पहिली तपासणी: कीबोर्ड मराठीच आहे ना?

हसू नका. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर येतो त्यातल्या शेवटच्या अक्षराच्या चुका बऱ्याचदा माणसाच्या नसतातच, हिंदी कीबोर्डच्या असतात. हिंदीत कवि, शक्ति, बुद्धि, समिति, परिस्थिति असंच लिहितात आणि ते त्यांच्या भाषेत बरोबर आहे. नागपुर, सोलापुर पण तसंच. आपल्याकडे गावाचं नाव सुटं असताना ‘पूर’ दीर्घ: नागपूर, सोलापूर, कोल्हापूर. कीबोर्ड हिंदीचा असेल तर तो शब्द सुचवतो, आपण घाईत बोट लावतो, झालं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा, जुने शिकलेले शब्द पुसा. पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं.

दुसरं, मजकूर जुन्या फाँटमध्ये असेल, म्हणजे युनिकोडमध्ये नसेल, तर आधी तो बदलून घ्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे कन्व्हर्टरमधून येताना कधीकधी ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ती चूक व्याकरणाची नसते, तिला नियम लावत बसलात तर डोकं फिरेल.

दुसरी तपासणी: फक्त शेवटचं अक्षर बघा

आता मजकुराचा अर्थ वाचू नका. खालच्या ओळीपासून वर जा आणि प्रत्येक शब्दाचं फक्त शेवटचं अक्षर बघा. असं उलटं वाचलं की मेंदू वाक्य पुरं करत नाही, डोळ्याला अक्षर दिसतं.

नियम एवढाच की सुटा शब्द असेल तर शेवटचा इकार-उकार दीर्घ. कवी, मती, गुरू, साधू, पाटी, जादू, तरी, ही, की. संस्कृतात ऱ्हस्व असला तरी मराठीत सुटा लिहिताना दीर्घ. माणसांची आणि ग्रंथांची नावंही त्यात आली, म्हणजे हरी, मनुस्मृती.

अपवाद मोजकेच: आणि, नि, आणि संस्कृतातली अव्ययं, जशी परंतु, तथापि, अति, यथाशक्ति. नादाचे शब्दही सोडा, रुणुझुणु, लुटुलुटु असे ऱ्हस्वच लिहितात, पण हळूहळू मात्र दीर्घ.

ज्यांना कमांड चालवता येते त्यांनी साध्या टेक्स्ट फाइलवर हे चालवा:

```
grep -noE '[^ ]*[िु]([ ,.;:?!)]|$)' patrika.txt
```

पहिल्या वेलांटीने किंवा पहिल्या उकाराने संपणारे सगळे शब्द ओळक्रमांकासह येतात. त्या यादीत ‘आणि’, ‘परंतु’ सोडून जे काही दिसेल त्यावर संशय घ्या. माझ्याकडे साठ पानी स्मरणिका आली की मी हे आधी करतो.

इथं एक सांगायलाच हवं. आमच्या ओळखीचे एक काका एकदा जाडजूड कोश घेऊन दुकानात आले, म्हणाले, “अरे, तू माझा ‘कवि’ का बदललास? हे बघ, कोशात ऱ्हस्व आहे.” कोश होता मोल्सवर्थचा. मी म्हटलं, “काका, या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. त्यात ‘नांव’वर अनुस्वारही आहे, तो तुम्ही पत्रिकेत दिलाय का?” नव्हता दिलेला. आज आपण जे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे. त्यातले चौदा १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले. त्यामुळे जुना कोश अर्थासाठी सोनं आहे पण शेवटच्या वेलांटीसाठी त्याच्यावर विसंबू नका. काकांनी ‘कवी’ ठेवला, पण तोंड जरा वाकडं करूनच.

तिसरी तपासणी: शब्दाची शेपटी

पुढची सोपी पायरी म्हणजे ठरावीक शेपट्या. इक आणि इत यांची पहिली वेलांटी: नागरिक, सामाजिक, आर्थिक, आयोजित, संबंधित, लिखित. ईय आणि ईन यांची दुसरी: राष्ट्रीय, शासकीय, प्रार्थनीय, नवीन, प्राचीन. आणि क्रियापदाचं ऊन दीर्घ: करून, घेऊन, जाऊन.

बिघाड कुठं होतो, तर ‘इत’सारखे दिसणारे पण इत नसलेले शब्द. संगीत, अतीत, विपरीत, गृहीत यांची वेलांटी दुसरी आहे. हे पाठच करावे लागतात, मोजकेच आहेत म्हणून चालतं.

याच फेरीत अनुस्वाराकडे आणि जोडाक्षराकडेही बघून घ्या. मराठी शब्दात त्यांच्या आधीचा इकार-उकार साधारणपणे ऱ्हस्व: चिंच, डाळिंब, खुंटी, शिस्त, पुष्कळ, मुक्काम. म्हणून मीटींग नाही, मीटिंग. ट्रेनिंग, बिल्डिंग पण तसंच. पण ‘साधारणपणे’ हा शब्द विसरू नका, कारण पूर्ण, सूक्ष्म, तीर्थ, शून्य हे संस्कृत शब्द जोडाक्षर असूनही दीर्घच आहेत. त्यांच्याकडे पुढं येतोच.

चौथी तपासणी: शब्दाला काय चिकटलंय?

सगळ्यात जास्त चुका इथंच, आणि सुशिक्षित लोकांच्या जास्त. ‘शेवटचं दीर्घ’ हा नियम नीट शिकलेला माणूसच ‘दृष्टीकोन’ लिहितो, कारण त्याच्या मते दृष्टी दीर्घ आहे. आहेच. पण सुटी असताना.

शब्दाच्या मागं काहीतरी चिकटलं की दोन शक्यता असतात. एक, मराठी प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटलं: कवीला, कवीचा, शक्तीने, शक्तीमुळे, गुरूंसाठी. इथं दीर्घच राहतं. दोन, पूर्ण दुसरा शब्द चिकटून समास झाला, किंवा मत्त्व, मान, मय, पूर्वक असं संस्कृत शेपूट लागलं: कविसंमेलन, शक्तिपीठ, गुरुपौर्णिमा, व्यक्तिमत्त्व, बुद्धिमान, भक्तिमय. इथं मूळचा संस्कृत ऱ्हस्व परत येतो.

तर चाचणी अशी करा, चिकटलेला तुकडा तोडून बघा. ‘ला’, ‘चा’, ‘मुळे’ हे एकटे उभे राहत नाहीत आणि ते मराठीचे आहेत, तिथं दुसरी वेलांटी. ‘संमेलन’, ‘पीठ’, ‘पौर्णिमा’ हे स्वतःच्या पायावर उभे राहतात, तिथं मूळ संस्कृत रूप शोधायचं.

आता मूळ रूप शोधायचं कसं, कारण सगळेच मुळात ऱ्हस्व नसतात. लक्ष्मीपूजन, नदीकाठ, वधूवर, पृथ्वीतल हे दीर्घच आहेत, कारण नदी, लक्ष्मी, वधू, पृथ्वी मुळातच दीर्घ. इथं मी एक युक्ती वापरतो, आणि ती मला कुणी शिकवली नाही, चुकून सापडली. ज्या हिंदीने पहिल्या तपासणीत घोळ घातला तीच इथं कामाला येते. हिंदीवाले संस्कृत शब्दाचं शेवटचं अक्षर बदलत नाहीत. हिंदीत शक्ति, भूमि, कृषि, स्मृति, जाति, रवि लिहितात, म्हणजे आपल्या समासात शक्तिपीठ, भूमिपूजन, कृषिमंत्री, स्मृतिदिन, जातिभेद, रविवार. हिंदीत नदी, देवी, लक्ष्मी लिहितात, म्हणजे समासातही दीर्घ. हिंदी बातम्या आपण सगळेच वाचतो, तो शब्द डोळ्यासमोर आणायचा, बस.

पण ही युक्ती एका गटाला लागू पडत नाही आणि नेमका तोच गट फ्लेक्सवर सारखा असतो: विद्यार्थी, मंत्री, पक्षी, प्राणी, योगी, स्वामी. हिंदीतही हे दीर्घ. पण संस्कृतात यांचं मूळ विद्यार्थिन्, मंत्रिन्, पक्षिन् असं आहे आणि समासात तो शेवटचा न् गळून ऱ्हस्व उरतो. म्हणून विद्यार्थिसंख्या, मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय, योगिराज, स्वामिभक्ती. हा गट ओळखायचा तर त्याचं स्त्रीलिंगी रूप करून बघा. विद्यार्थी-विद्यार्थिनी, योगी-योगिनी, स्वामी-स्वामिनी, पक्षी-पक्षिणी. मधे ‘इनी’ किंवा ‘इणी’ ऐकू आलं की समजा तो न् तिथं लपलेला आहे. आणि जाता जाता, ‘विद्यार्थीनी’ असं लिहिणारे खूप आहेत, ते चूक, थि ऱ्हस्व आणि नी दीर्घ. (विद्यार्थ्यांनी या अर्थाने कुणी ‘विद्यार्थीनी’ लिहीत असेल तर ती वेगळीच भानगड आहे.)

वर्तमानपत्रांत मुख्यमंत्रीपद आणि मुख्यमंत्रिपद दोन्ही दिसतं, त्यामुळे लोक वाद घालतात. नियमाने मुख्यमंत्रिपद. काही जण वाद टाळायला शब्द तोडतात, ‘मंत्री मंडळ’, ‘दृष्टी कोन’. त्याने वेलांटी सुटते पण शब्द मोडतो. तसं करू नका.

आणि हा समासाचा नियम संस्कृत शब्दांचा. पाणीपुरवठा, भाजीपाला, हत्तीरोग इथं पहिला शब्द मराठी आहे, तिथं काही ऱ्हस्व करायचं नाही. एकदा एकाला हा नियम सांगितला तर त्याने नगरपालिकेला द्यायच्या अर्जात ‘पाणिपुरवठा’ करून आणलं. संस्कृतात पाणि म्हणजे हात. हातांचा पुरवठा मागितला होता त्याने.

पाचवी तपासणी: शेवटून दुसरं अक्षर

शेवटच्या अक्षराच्या आधीच्या अक्षराला उपान्त्य म्हणतात. नाव जड आहे, काम सोपं. शब्द अस्सल मराठी किंवा मराठीत मुरलेला असेल तर दोनच गोष्टी आहेत.

शब्द ‘अ’ने संपत असेल तर उपान्त्य दीर्घ: गरीब, वकील, फूल, मूल, बहीण, दूध, मीठ, पोलीस, तिकीट. शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आला की उपान्त्य ऱ्हस्व: गरिबी, वकिली, फुले, मुले, दुधी, पाहुणा, महिना. प्रत्यय लागला की अक्षर मागे सरकतं म्हणून तेच होतं, गरिबाला, वकिलाकडे, फुलांचा, बहिणीला, दुधात, पोलिसांनी, नागपुरात. मोठ्याने म्हणून बघा, ‘दूध’ म्हणताना ऊ लांबतो आणि ‘दुधात’ म्हणताना आपोआप आखडतो. नियम कानावरूनच आलाय, त्यामुळे शंका आली की बोलून बघा. (माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडाला इथं तर उकारच पळून जातो, तो प्रश्नच मिटला.)

मग अडतं कुठं? संस्कृत शब्द जसेच्या तसे आले असतील तर ते यातलं काहीच ऐकत नाहीत. गुण, विष, सुख, मंदिर, चतुर हे अकारान्त असूनही ऱ्हस्व. पूजा, भूमी, नीती, परीक्षा यांच्या शेवटी दीर्घ असूनही उपान्त्य दीर्घ. आणि प्रत्यय लागला तरी ते बदलत नाहीत: शरीर-शरीरात, सूत्र-सूत्राने.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे पीठ. भाकरीचं पीठ आणि विद्यापीठातलं पीठ, दिसायला अगदी एकसारखे, दोन्ही अकारान्त, दोन्ही दीर्घ. आता ‘त’ लावा. भाकरीचं पीठ मराठी, म्हणून पिठात पाणी घातलं. विद्यापीठ संस्कृत, म्हणून विद्यापीठात प्रवेश घेतला. ‘विद्यापिठात’ लिहिलं की मला परातच दिसते. असंच दिवाळी आणि दीपावलीचं. सण एकच, पण दिवाळी मराठीत घडलेला शब्द म्हणून दि पहिली, दीपावलीत दीप जसाच्या तसा आहे म्हणून दी दुसरी. पत्रिकेत ‘दिपावली’ किंवा ‘दीवाळी’ आलं तर दोघांची अदलाबदल झालीय एवढंच.

म्हणजे खरा प्रश्न वेलांटीचा नाही, शब्द संस्कृत आहे की मराठी हा आहे. त्यासाठी दोन खुणा. शब्दात ‘ळ’ असेल तर तो बहुतेक मराठी वळणाचा, मराठी नियम लावा: मूळ-मुळात, धूळ-धुळीत. शब्दात क्ष, ज्ञ, ऋकार असेल किंवा तोच शब्द हिंदीत तसाच असेल तर संस्कृत असण्याचा संभव जास्त, मग नियम लावूच नका, थेट कोश बघा. मधल्या अक्षरासाठी जुना कोश, संस्कृत कोश, हिंदी कोश कुठलाही चालतो, कारण पूर्ण, परीक्षा, सूचना यांचं पोट सगळीकडे एकच आहे, फक्त शेवट वेगळा.

इंग्रजीतून आलेले मुरलेले शब्द मराठी नियमाने वागतात, तिकीट-तिकिटाला, पण सगळेच नाही. ‘ऑफिस’ कुणी दीर्घ लिहीत नाही. इथं एका मजकुरात एकच रूप ठेवा आणि पुढं चला.

सहावी तपासणी: शब्द फोडून बघा, अर्थ बघा

कोश हाताशी नसेल तर संस्कृत शब्द फोडता येतो का बघा. परिक्षा-प्रतिक्षा लिहिणाऱ्याचं म्हणणं असतं की परि आणि प्रति ऱ्हस्वच आहेत ना, परिणाम, परिस्थिती, प्रतिनिधी, प्रतिक्रिया सगळीकडे. बरोबर. पण परीक्षेत पुढं ‘ईक्षा’ आहे, ईक्ष म्हणजे बघणे. परि + ईक्षा, दोन इ एकत्र आले की दीर्घ ई, म्हणून परीक्षा, प्रतीक्षा. निरीक्षण, समीक्षा यांतही तोच ईक्ष. शिक्षण आणि भिक्षा यांत तो नाही, म्हणून ते ऱ्हस्व. एकदा हे कळलं की पुन्हा चुकत नाही, निदान माझी तरी नाही चुकली.

अर्थाची तपासणी फक्त काही जोड्यांसाठी लागते, पण तिथं स्पेलचेकर काही उपयोगाचा नाही कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. ‘वर्धापन दीन’, ‘महाराष्ट्र दीन’ असे फ्लेक्स दरवर्षी दिसतात. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्ताची. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे गाण्यातला. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा.

एक पत्रिका, क्रमाने

गेल्या महिन्यात आलेला मजकूर, नावं काढून:

«यांच्या स्मृतीदिनानिमीत्त विद्यार्थीगुणगौरव आणि पक्षीमित्र संमेलन आयोजीत केले आहे. कार्यक्रमाची सुरूवात दीपप्रज्वलनाऐवजी वृक्षपूजनाने होईल, दिप लावले जाणार नाहीत. गावातील गरीबांना रोपे दिली जातील. परिक्षेत यशस्वि झालेल्या मुलांना मान्यवर आशिर्वाद देतील. तरि नागरीकांनी सहकुटूंब उपस्थीत राहावे हि विनंती.»

शेवटचं अक्षर बघितलं: यशस्वि, तरि, हि. तीन सापडले, कोश न उघडता. यशस्वी, तरी, ही.

शेपट्या, अनुस्वार, जोडाक्षर: आयोजीत, उपस्थीत, नागरीकांनी, सहकुटूंब, निमीत्त. आयोजित, उपस्थित, नागरिकांनी, सहकुटुंब, निमित्त. नागरिकला ‘नी’ लागला तरी इक तो इकच.

चिकटलेले तुकडे: स्मृतीदिन तोडलं, ‘दिन’ एकटा उभा राहतो, हिंदीत स्मृति, म्हणून स्मृतिदिन. विद्यार्थी आणि पक्षी न् वाल्या गटातले, म्हणून विद्यार्थिगुणगौरव, पक्षिमित्र.

उपान्त्य: गरीबांना. गरीब मुरलेला शब्द, प्रत्यय लागलाय, गरिबांना.

उरलेले कोशात: दिप, परिक्षेत, आशिर्वाद, सुरूवात. दीप, परीक्षेत, आशीर्वाद. दीपमध्ये गंमत अशी की त्याच माणसाने आधीच्या शब्दात, दीपप्रज्वलनात, दीर्घ बरोबर लिहिला होता. आणि सुरुवात. ‘सुरू’ सुटा असताना रू दीर्घ, ‘सुरुवात’मध्ये रु ऱ्हस्व. हा शब्द माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मजकुरात चुकलेला असतो.

सोळा चुका, त्यातल्या बारा कोश न उघडता गेल्या. वेळ दहा मिनिटं.

इथं थांबा आणि जाणकार मुद्रितशोधक गाठा

कोनशिला, ताम्रपट, पुरस्काराची ढाल, म्हणजे जे कोरलं जातं ते. आमच्याकडून एकदा मजकूर बरोबर गेला होता पण कोरणाऱ्याने फोनवर ऐकून ‘भूमीपूजन’ कोरलं, आणि दगडात वेलांटी उजवीकडून डावीकडे नेता येत नाही. नवा दगड आणावा लागला. अशा कामाला कोरण्याआधी कागदावर सही घ्या, आणि ती सही मुद्रितशोधकाची असू द्या, उत्साही कार्यकर्त्याची नको.

जुनं साहित्य छापत असाल तर तुमचा हात अजिबात लावू नका. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाप्रमाणे छापायचं असा महामंडळाचाच नियम आहे. ओवी-अभंगात तर छंदासाठी ऱ्हस्व-दीर्घ वळवलेले असतात, ते ‘सुधारले’ तर चाल मोडते. हे संपादकाचं काम.

पाठ्यपुस्तक, स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका, कोर्टाचा किंवा खरेदीखताचा मजकूर यातही माझ्यासारख्या डीटीपीवाल्याने शेवटचा शब्द बोलू नये.

आणि माणसांची नावं. नियमाने रवि + इंद्र म्हणजे रवींद्र, सु + नील म्हणजे सुनील, आणि अनिल म्हणजे वारा म्हणून ऱ्हस्व. पण समोरच्याच्या आधार कार्डावर आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘रविंद्र’ असेल तर तो रविंद्रच. तिथं नियम काढायचा नाही, फोन लावायचा आणि विचारायचं, “साहेब, तुम्ही पहिली वेलांटी देता की दुसरी?” बरेच जण म्हणतात, “काय फरक पडतो, काहीही द्या.” तेव्हा व्हॉट्सॲपवर लिहून मागवा.